एकशे एक टक्क्यांचा हिशेब

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर बरोबर पंचवीस वर्षांनी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवा रायपुर येथे त्या राज्याच्या विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. सभागृहाची इमारत बदलली, तरी निवडून येणाऱ्या सदस्यांची संख्या राज्याच्या स्थापनेपासून एकच राहिली आहे, ती म्हणजे ९०. ही संख्या लहान आहे आणि सर्वांना ठाऊक आहे. तिच्याविषयी कसलाही वाद नाही. म्हणूनच शेकडेवारीच्या एका जुन्या अडचणीचा अभ्यास करण्यास ती फार सोयीची ठरते.

२०१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल घेऊ. (पुढे पोटनिवडणुकांत काही जागा बदलल्या, त्या येथे विचारात घेतलेल्या नाहीत.) काँग्रेसला ६८, भारतीय जनता पक्षाला १५, जनता काँग्रेस छत्तीसगढ या पक्षाला ५ आणि बहुजन समाज पक्षाला २ जागा मिळाल्या. यांची बेरीज ९० होते. आता एखाद्या माहितीपत्रकासाठी या जागांची शेकडेवारी काढावयाची आहे, आणि प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकात मांडावयाचा आहे, असे समजू. अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक असेल तर वरचा पूर्णांक घ्यावयाचा आणि अर्ध्याहून कमी असेल तर तो सोडून द्यावयाचा, हा शाळेत शिकविला जाणारा नियम येथे लावला, की पुढील तक्ता तयार होतो.

| पक्ष | जागा | टक्के (दोन दशांश स्थळांपर्यंत) | टक्के (पूर्णांकात) |
|---|---|---|---|
| काँग्रेस | ६८ | ७५.५६ | ७६ |
| भारतीय जनता पक्ष | १५ | १६.६७ | १७ |
| जनता काँग्रेस छत्तीसगढ | ५ | ५.५६ | ६ |
| बहुजन समाज पक्ष | २ | २.२२ | २ |

शेवटच्या रकान्याची बेरीज १०१ येते. कोणताही भागाकार चुकलेला नाही, कोणतीही जागा दोनदा मोजलेली नाही, आणि तरीही नव्वद जागांच्या सभागृहात एक टक्का जास्त झाला आहे.

हा टक्का कोठून आला ते पाहण्यासाठी प्रत्येक आकड्यात किती भर पडली वा किती घट झाली याचा जमाखर्च मांडावा लागतो. ९० जागांपैकी प्रत्येक जागा म्हणजे १०० भागिले ९०, म्हणजे एक पूर्णांक एक नवमांश टक्का. त्यामुळे येथे उरणारे सर्व अपूर्णांक नवमांशांचे असतात. काँग्रेसचा वाटा ७५ आणि पाच नवमांश होता. तो ७६ केल्याने चार नवमांशांची भर पडली. भारतीय जनता पक्षाच्या १६ आणि सहा नवमांशांचे १७ करताना तीन नवमांश वाढले. जनता काँग्रेसच्या ५ आणि पाच नवमांशांचे ६ झाले, तेव्हा पुन्हा चार नवमांश वाढले. फक्त बहुजन समाज पक्षाच्या वाट्यातून दोन नवमांश कमी झाले. जमा अकरा नवमांश, खर्च दोन नवमांश, शिल्लक नऊ नवमांश, म्हणजे नेमका एक टक्का. जास्तीचा टक्का कोणा एका पक्षाच्या खात्यात पडलेला नाही. तीन पक्षांच्या आकड्यांत तो तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला आहे. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे एखादे दशांश स्थळ अधिक देणे. तो येथे निष्फळ ठरतो. एका दशांश स्थळापर्यंत हे आकडे ७५.६, १६.७, ५.६ आणि २.२ असे येतात आणि त्यांची बेरीज १००.१ होते. दोन स्थळे घेतली तर वरच्या तक्त्यातील तिसऱ्या रकान्याची बेरीज १००.०१ होते. नवमांशाचा दशांश कधीच संपत नाही. पाच नवमांश म्हणजे ०.५५५५ असे पुढे चालूच राहते, त्यामुळे कितीही स्थळे घेतली तरी शेवटच्या स्थळी एकाचा फरक राहतोच. दशांश वाढविल्याने दोष लहान दिसू लागतो, नाहीसा होत नाही. शिवाय ९० माणसांच्या सभागृहात टक्क्याचा शंभरावा भाग सांगणे म्हणजे किराणा दुकानात सोनाराचा काटा वापरण्यासारखे आहे.

असा प्रसंग विरळा आहे काय? छत्तीसगढच्या आजवरच्या पाचही विधानसभा निवडणुकांचे निकाल याच रीतीने मांडून पाहता येतात. २००३ साली ५०, ३७, २ आणि १ असे जागांचे वाटप झाले. पूर्णांकातील टक्के ५६, ४१, २ आणि १, बेरीज १००. २००८ साली ५०, ३८ आणि २, टक्के ५६, ४२ आणि २, पुन्हा १००. २०१३ साली भारतीय जनता पक्षाला ४९, काँग्रेसला ३९, बहुजन समाज पक्षाला १ आणि अपक्षाला १ जागा मिळाली. त्यांचे टक्के ५४, ४३, १ आणि १ होतात, आणि त्यांची बेरीज ९९ भरते. २०१८ मध्ये १०१. २०२३ मध्ये ५४, ३५ आणि १ जागा, म्हणजे ६०, ३९ आणि १ टक्का, बेरीज १००. एकच सभागृह, एकच नियम, पाच निवडणुका. त्यांपैकी तिघींची बेरीज जुळते, एकीत एक टक्का कमी पडतो आणि एकीत एक जास्त होतो.

पाच उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही हे खरे, परंतु गणिताने काढलेले उत्तर यापासून फार दूर नाही. फ्रेडरिक मॉस्टेलर, क्लिओ यूट्झ आणि डग्लस झान या संख्याशास्त्रज्ञांनी १९६७ साली या प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला, आणि १९७९ साली पर्सी डायकोनिस व डेव्हिड फ्रीडमन यांनी त्याला अधिक भक्कम गणिती आधार दिला. वाटे कसेही पडू शकतात असे धरले, तर तीन वाट्यांच्या तक्त्यात पूर्णांकी टक्क्यांची बेरीज बरोबर १०० येण्याची शक्यता सुमारे तीन चतुर्थांश असते, आणि चार वाट्यांच्या तक्त्यात सुमारे दोन तृतीयांश. वाटे वाढत गेले की ही शक्यता घटत जाते. म्हणजे चार ओळींचे तक्ते जो नेहमी तयार करतो, त्याला तिनांतून एकदा बेरीज न जुळण्याचा अनुभव यावयास हवा. ज्याच्या पुस्तकातील सर्वच तक्त्यांची बेरीज शंभर येते, त्याच्याविषयी वाचकाने थोडी शंका घेण्यास हरकत नाही.

शंका अशासाठी, की बेरीज जुळविण्याचा एक सोपा आणि जुना मार्ग आहे. तो म्हणजे कोणत्या तरी आकड्यातून गुपचूप एक वजा करणे. तक्ता तयार करणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. १०१ हा आकडा पाहून वरिष्ठ विचारतील, वाचक पत्र लिहितील, अशी त्याला धास्ती असते. परंतु हा एक कोणातून वजा करावा, हे ठरवू लागताच या उपायाचे स्वरूप उघड होते.

२०१८ च्या तक्त्यात चार पर्याय आहेत. भारतीय जनता पक्षाचे १७ टक्के काढून तेथे १६ लिहिले, असे समजू. वाचकाने १६ टक्क्यांवरून जागा काढावयाचे ठरविले, तर त्याला १४ हे उत्तर मिळते, कारण नव्वदांपैकी १४ म्हणजे १५.५६ टक्के, आणि त्याचे पूर्णांकी रूप १६ होते. म्हणजे एक जागा नाहीशी झाली. बहुजन समाज पक्षाचे २ चे १ केले, तर तो पक्ष निम्मा झाला. पुन्हा एक जागा गेली. या दोन्ही पर्यायांत तक्ता दिसावयास निर्दोष असतो, परंतु तो घडलेल्या निकालाऐवजी दुसऱ्याच निकालाचा असतो.

उरलेले दोन पर्याय याहून चमत्कारिक आहेत. काँग्रेसचे ७६ चे ७५ करून पाहा. नव्वदांपैकी ६७ जागा म्हणजे ७४.४४, पूर्णांकात ७४. ६८ जागा म्हणजे ७५.५६, पूर्णांकात ७६. यांच्यामध्ये जागा नाही. नव्वदांच्या सभागृहात कोणत्याही पक्षाच्या वाट्याचे पूर्णांकी रूप ७५ टक्के होऊच शकत नाही. जनता काँग्रेसचे ६ चे ५ केले तरी तेच होते. चार जागांचे ४ टक्के होतात, पाच जागांचे ६, आणि मधला ५ हा आकडा कोणाच्याच वाट्याला येत नाही. थोडे कागदावर मांडून पाहिल्यास दिसेल, की या सभागृहात ५, १५, २५ असा पाचाने संपणारा एकही पूर्णांकी टक्का संभवत नाही. ० पासून ९० पर्यंत जागांच्या एक्याण्णव शक्यता आहेत आणि ० ते १०० मिळून टक्क्यांचे एकशे एक आकडे आहेत. दहा आकडे रिकामे राहतात, ते हेच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ७६, १७, ६ आणि २ हे आकडे, त्यांची बेरीज १०१ असूनही, वाचकाला मूळ जागांपर्यंत अचूक परत नेतात. प्रत्येक आकड्यामागे एकच जागासंख्या उभी आहे, आणि त्या जागांची बेरीज ९० आहे. उलट, ‘दुरुस्त’ केलेल्या तक्त्याची बेरीज शंभर असूनही त्यातील एखादा आकडा खोट्या जागेकडे नेतो, नाही तर कोठेच नेत नाही. बेरीज शोभिवंत करण्यासाठी तक्त्यातील खरी माहिती मोडावी लागते. शिवाय येथे आणखी एक बाब आहे. ९० चे तीन चतुर्थांश म्हणजे साडेसदुसष्ट, आणि काँग्रेसच्या ६८ जागा त्याहून अधिक होत्या. ७५ हा आकडा वाचणारा मनुष्य ‘बरोबर तीन चतुर्थांश’ असेच समजेल.

गुपचूप बदल करण्याऐवजी जाहीर नियमाने बदल करावा, असेही काही जण सुचवितात, आणि त्या सूचनेत तथ्य आहे. असा एक प्रसिद्ध नियम आहे. सर्व अपूर्णांक प्रथम सोडून द्यावयाचे, पूर्णांकांची बेरीज करावयाची, आणि शंभराला जितके कमी पडतील तितके टक्के सर्वांत मोठे अपूर्णांक असलेल्या वाट्यांना एकेक करून द्यावयाचे. याला सर्वाधिक शेषाची पद्धत म्हणता येईल. हा नियम मुळात टक्क्यांसाठी नव्हे, तर लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधींच्या जागा वाटण्यासाठी निघाला. अमेरिकेत अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तो पुढे मांडला, आणि १७९२ साली त्यावर आधारलेले विधेयक अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी नाकारले. जागा अर्ध्या करता येत नाहीत, म्हणून तेथे असा काही नियम अपरिहार्य असतो. टक्के मात्र अर्धे करता येतात. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

२०१८ च्या निकालाला हा नियम लावला तर काय होते? अपूर्णांक सोडल्यावर ७५, १६, ५ आणि २ उरतात. बेरीज ९८, म्हणजे दोन टक्के वाटावयाचे राहिले. सर्वांत मोठा शेष भारतीय जनता पक्षाचा, सहा नवमांश. पहिला टक्का त्याला गेला. दुसऱ्यासाठी काँग्रेस आणि जनता काँग्रेस हे दोन दावेदार आहेत, आणि दोघांचाही शेष बरोबर पाच नवमांश आहे. त्यांत तिळमात्र फरक नाही, आणि कितीही दशांश स्थळे काढली तरी तो निघणार नाही. नियम येथे मुका होतो. मग मोठ्या पक्षाला एक टक्का कमी झाल्याने फारसे बिघडत नाही म्हणून काँग्रेसचा घ्यावा, की वर्णानुक्रमाने ठरवावे, की चिठ्ठी टाकावी? कोणतेही उत्तर निवडले तरी ते तक्ता करणाऱ्याचे उत्तर असते, आकड्यांचे नव्हे. आणि निवड कोणतीही झाली तरी तक्त्यात ७५ किंवा ५ यांपैकी एक अशक्य आकडा छापला जातो. जेथे शंभर ही बेरीज एखाद्या छापील नमुन्याची सक्तीची अट असेल, तेथे ही पद्धत वापरावी. परंतु ती वापरल्याचे, आणि कोणत्या ओळीत बदल झाला त्याचे, तक्त्याखाली लिहावे. नियम आकडे पाहण्यापूर्वी ठरलेला असावा आणि पुस्तकातील सर्व तक्त्यांना तोच लागू असावा. एरवी या पद्धतीची गरज नाही.

आतापर्यंत आकड्यांचा विचार झाला. त्याच आकड्यांची आकृती काढताना धोका अधिक असतो. वर्तुळाचे ३६० अंश ९० जागांत वाटले तर प्रत्येक जागेस नेमके चार अंश येतात. म्हणून २०१८ च्या निकालाचा वृत्तालेख अगदी निःशेष निघतो: काँग्रेस २७२ अंश, भारतीय जनता पक्ष ६०, जनता काँग्रेस २०, बहुजन समाज पक्ष ८. येथे एका अंशाचाही घोळ नाही. परंतु आकृती काढणाऱ्याने जागांऐवजी पूर्णांकी टक्के हाती घेतले आणि प्रत्येक टक्क्याला ३.६ अंश दिले, तर पहिल्या तीन वाट्यांनाच २७३.६, ६१.२ आणि २१.६ मिळून ३५६.४ अंश लागतात. बहुजन समाज पक्षासाठी ३.६ अंश उरतात. आठ अंशांचा वाटा निम्म्याहूनही लहान झाला, आणि तो केवळ त्याची पाळी शेवटची होती म्हणून.

आता वृत्तालेख संगणकावर काढले जातात. तेथे कर्कटक नसते, परंतु याच चुकीचे एक अधिक सभ्य रूप भेटते. संगणकाला ७६, १७, ६ आणि २ हे आकडे मूळ माहिती म्हणून दिले, तर तो तक्रार करीत नाही. तो त्यांची बेरीज १०१ करतो आणि प्रत्येकाला १०१ ने भागून पुन्हा टक्के काढतो. ७६ भागिले १०१ म्हणजे ७५.२५, पूर्णांकात ७५. इतर तीन आकडे १७, ६ आणि २ असेच राहतात. बेरीज शंभर! १०१ चा डाग धुऊन निघाला असे वाटते, प्रत्यक्षात पूर्णांकन दोनदा झाले आणि काँग्रेसच्या वाट्यावर तोच अशक्य आकडा येऊन बसला. यासाठी आकृती नेहमी मूळ जागांवरून काढावी, आणि पूर्णांकन फक्त आकृतीवर छापावयाच्या अक्षरांपुरते, सर्वांत शेवटी करावे.

संगणकातील हिशेबाच्या तक्त्यांत आणखी एक गोंधळ होतो. रकान्याचे केवळ दिसणे बदलून पूर्णांक दाखविले, तर आत मूळ अपूर्णांक कायम राहतात, आणि खालची बेरीज १०० दिसते. वर मात्र ७६, १७, ६, २ दिसत असतात. `ROUND` हे सूत्र वापरून आकडे खरोखरच बदलले, तर खालची बेरीज १०१ येते. एकाच कार्यालयातील दोन टेबलांवर एकाच निकालाच्या अशा दोन बेरजा आढळल्या, तर त्यांपैकी कोणी चुकले असे समजण्याचे कारण नाही. पहिल्याने खऱ्या वाट्यांची बेरीज केली, दुसऱ्याने छापील आकड्यांची.

यावरूनच एकूण या ओळीत काय छापावे, हा प्रश्न सुटतो. एकूण ९० पैकी ९० जागा म्हणजे १०० टक्के. ही ओळ स्वतंत्रपणे मोजलेली आहे, वरच्या छापील आकड्यांची ती बेरीज नाही. म्हणून तेथे १०० छापावे. १०१ छापणे चूक आहे, कारण सभागृह एकशे एक टक्के नसते. काही जण एकूणाची ओळच गाळतात. ते खोटे नव्हे, परंतु वाचकाच्या हातातील पडताळ्याचे साधन त्यामुळे काढून घेतले जाते. त्यापेक्षा ओळ ठेवून तळटीप द्यावी. ‘टक्के जवळच्या पूर्णांकात दिले आहेत, म्हणून त्यांची बेरीज १०१ भरते, मूळ जागा दुसऱ्या रकान्यात आहेत.’ एवढे एक वाक्य पुरते. ‘बेरजेत थोडा फरक संभवतो’ अशी मोघम टीप प्रत्येक तक्त्याखाली ठोकून देण्याचा प्रघात आहे. तो तितकासा चांगला नाही. जेथे फरक आहे तेथेच आणि किती आहे ते सांगावे, म्हणजे जेथे टीप नाही तेथील १०१ पाहून वाचक सावध होईल.

छापील टक्क्यांवर पुढचे गणित करू नये, हेही यातून ओघानेच येते, पण ते इतके वारंवार केले जाते की उदाहरण देणे बरे. काँग्रेसेतर पक्षांचा एकत्रित वाटा किती? छापील आकड्यांवरून १७, ६ आणि २ मिळून २५. जागांवरून मात्र १५, ५ आणि २ मिळून २२, म्हणजे २४.४४, पूर्णांकात २४. आणि ७६ व २४ यांची बेरीज शंभर होते. त्याचप्रमाणे २०१३ मधील ४३ टक्क्यांवरून काँग्रेस २०१८ मध्ये ७६ टक्क्यांवर गेली, तेव्हा वाढ ३३ टक्क्यांची झाली असे कोणीही लिहील. प्रत्यक्षात २९ जागा वाढल्या, म्हणजे ३२.२२ टक्क्यांची वाढ. बेरीज, वजाबाकी आणि तुलना या गोष्टी जागांच्या रकान्यात कराव्या आणि उत्तराचेच पूर्णांकन करावे.

आता उलट बाजू. बेरीज १०१ आली म्हणजे कारण पूर्णांकनच आहे, असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. पूर्णांकनाने एका आकड्यात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. तीन वाटे असतील तर एकंदर फरक दीड टक्क्याहून अधिक होऊ शकत नाही, आणि बेरीज पूर्णांकच असल्यामुळे ती ९९, १०० किंवा १०१ याखेरीज दुसरी येत नाही. तीन वाट्यांची बेरीज १०२ आली, तर पूर्णांकनाचे नाव न घेता चूक शोधावी. नव्वदांच्या सभागृहात अपूर्णांक नवमांशांचे असल्यामुळे अर्धा टक्का कधीच नेमका येत नाही. म्हणून तेथे चार पक्षांच्या तक्त्यातही ९८ किंवा १०२ संभवत नाहीत. वाटे दोनच असतील तर बेरीज शंभर यावयास हवी. त्याला अपवाद एकच. दोनशे मतांपैकी १०१ आणि ९९ अशी विभागणी झाली, तर ५०.५ आणि ४९.५ हे दोन्ही वर सरकतात आणि ५१ व ५० मिळून १०१ होतात. एका माणसाने एकाहून अधिक उत्तरे दिली असतील अशा पाहणीत बेरीज शंभराच्या बरीच पुढे जाते. तो अगदी निराळा प्रकार आहे आणि त्याला पूर्णांकनाची तळटीप लावणे ही दिशाभूल आहे.

शेवटी असे एक उदाहरण घ्यावे, जेथे या एका टक्क्याच्या मागे माणसे उभी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार छत्तीसगढची लोकसंख्या २,५५,४५,१९८ होती. त्यांत अनुसूचित जमातींचे लोक ७८,२२,९०२, म्हणजे ३०.६२ टक्के, आणि अनुसूचित जातींचे ३२,७४,२६९, म्हणजे १२.८२ टक्के होते. उरलेले ५६.५६ टक्के. पूर्णांकात हे आकडे ३१, १३ आणि ५७ होतात. बेरीज पुन्हा १०१.

येथे कोणातून एक काढावा हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. राज्यातील नोकऱ्यांतील आरक्षणात अनुसूचित जातींचा हिस्सा २०१२ पासून १२ टक्के होता. एकूण ५८ टक्क्यांची ती व्यवस्था सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधानसभेने संमत केलेल्या विधेयकांत तो हिस्सा १३ टक्के धरला होता. म्हणजे बारा की तेरा, हा प्रत्यक्ष वादाचा विषय होता. अशा वेळी एखाद्या तक्त्यात बेरीज जुळावी म्हणून १३ चे १२ केले, तर तक्ता एका पक्षाच्या बाजूने साक्ष देऊ लागतो. लोकसंख्येच्या १२ टक्के म्हणजे सुमारे ३०,६५,००० माणसे. खऱ्या संख्येतून सुमारे दोन लाख नऊ हजार माणसे वगळली गेली. १३ लिहिल्यास सुमारे सत्तेचाळीस हजारांची भर पडते, ती पूर्णांकनाच्या नियमातच बसणारी आहे. सर्वाधिक शेषाची पद्धत लावली तर शेष .६२, .८२ आणि .५६ असल्यामुळे कपात ‘उरलेले’ या वाट्यावर येते आणि तो ५६ होतो. पेच पडत नाही, परंतु तेथेही सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार माणसे हिशेबाबाहेर जातात.

येथे मात्र विधानसभेच्या जागांपेक्षा परिस्थिती निराळी आहे. एक दशांश स्थळ घेतले तर ३०.६, १२.८ आणि ५६.६ असे आकडे मिळतात आणि त्यांची बेरीज १००.० होते. अडीच कोटी लोकांच्या गणनेत टक्क्याचा दहावा भाग म्हणजे पंचवीस हजार माणसे, तेव्हा तेवढी बारकाई येथे निरर्थकही नाही. म्हणून या तक्त्यात एक दशांश स्थळ द्यावे. नव्वद जागांच्या तक्त्यात पूर्णांकच ठेवावेत, शेजारी जागा लिहाव्यात, आणि खाली १०१ चे कारण सांगावे. २०१३ च्या तक्त्याखालीही तशीच टीप हवी. ९९ ही बेरीज वाचकाच्या डोळ्यांना १०१ इतकी खुपत नाही, एवढ्याच कारणाने ती बहुधा टीपेविना सुटते.